नायकाचा प्रवास आणि जब्याचा दगड

एक कोडं घालतो. एक पोरका मुलगा काका आणि मावशी-काकूच्या घरी वाढतोय. त्या घरात त्याचं मन रमत नाही. एके दिवशी बाहेरून एक निरोप येतो. घरच्यांना तो निरोप त्याच्यापर्यंत पोचू द्यायचा नसतो. मग एक दाढीवाला माणूस भेटतो, त्याच्या मेलेल्या वडिलांबद्दल खरं काय ते सांगतो, आणि मुलगा घर सोडून एका अद्भुत जगात पाऊल टाकतो. तिथे त्याला दोन जिवाभावाचे साथीदार मिळतात, त्यातली एक मुलगी. पुढे त्याचा म्हातारा गुरू त्याच्या डोळ्यांदेखत मारला जातो. शेवटची लढाई त्याला गुरूविना लढावी लागते.

हा सिनेमा कुठला? 'हॅरी पॉटर' म्हणालात तरी बरोबर आणि 'स्टार वॉर्स' म्हणालात तरी बरोबर. एकात घुबडं पत्रं आणतात, दुसऱ्यात एक छोटा यंत्रमानव राजकन्येचा निरोप आणतो. एकात छडी आहे, दुसऱ्यात प्रकाशाची तलवार. कपडे बदलले, पण सांगाडा तोच.

या सांगाड्याला 'नायकाचा प्रवास' म्हणतात. तो इतक्या चित्रपटांत का दिसतो, हा आजच्या लेखाचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो: एखादी गोष्ट हा सांगाडा खरोखर मोडते तेव्हा नेमकं काय मोडतं? त्यासाठी आपण नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' उघडून बघणार आहोत. चित्रपट पाहिला नसेल तर आधीच सांगतो, पुढे शेवटासकट सगळं येणार आहे.

बारा थांबे

अमेरिकेतले अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांचं जगभरच्या पुराणकथांवरचं पुस्तक १९४९ साली आलं. त्यांचं म्हणणं असं की या सगळ्या कथांच्या मुळाशी एकच कथा आहे: नायक घर सोडतो, अद्भुत प्रदेशात कसोटीला उतरतो, आणि काहीतरी मोलाचं घेऊन परत येतो. प्रस्थान, कसोटी आणि परतणं या तीन भागांत त्यांनी सतरा टप्पे सांगितले.

पुराणकथांचा हा विचार चित्रपटांच्या कामाचा झाला तो क्रिस्टोफर व्होगलर यांच्यामुळे. ते स्टुडिओंसाठी कथा वाचून त्यावर अभिप्राय देण्याचं काम करत. १९८५ च्या सुमारास, डिस्नेमध्ये असताना, त्यांनी कॅम्पबेलच्या जाडजूड पुस्तकाचं सार सात पानांच्या एका टिपणात उतरवलं. सतरा टप्प्यांचे बारा झाले. पुढे १९९२ मध्ये याच टिपणाचं पुस्तक झालं आणि पटकथा शिकणाऱ्यांच्या टेबलावर जाऊन बसलं.

ते बारा थांबे सोप्या मराठीत असे: रोजचं जग, हाक, हाकेला नकार, गुरूची भेट, उंबरठा ओलांडणं, कसोट्या, मित्र आणि शत्रू, गुहेच्या तोंडाशी जाणं, महाकसोटी, बक्षीस, परतीची वाट, शेवटची परीक्षा, म्हणजे जणू पुनर्जन्म, आणि अमृत घेऊन घरी परतणं. हे 'अमृत' काहीही असू शकतं: औषध, खजिना, ज्ञान किंवा नुसतं शहाणपण. ते नायकाच्या गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे, एवढीच अट.

१९७७ च्या 'स्टार वॉर्स'वर ही यादी ठेवली की ती चपखल बसते. वाळवंटी ग्रहावरचं शेत हे ल्यूकचं रोजचं जग. राजकन्या लेयाचा निरोप ही हाक. 'मला घरी शेतीची कामं आहेत' हा नकार. म्हातारा ओबी-वान हा गुरू. काका-काकू मारले गेल्यावर ल्यूक घर सोडतो, तो उंबरठा. महाकाय युद्धतळाच्या पोटातली सुटका ही महाकसोटी. शेवटी त्याच तळावरचा हल्ला ही अंतिम परीक्षा, आणि मग भर दरबारात गळ्यात पदक.

सारखेपणाला तीन कारणं असू शकतात

दोन गोष्टी सारख्या दिसल्या की जीवशास्त्रज्ञ लगेच 'नियम सापडला' म्हणत नाहीत. आधी विचारतात, हा सारखेपणा कुठून आला? वाघ आणि मांजर सारखे दिसतात, कारण त्यांचा पूर्वज एक आहे. वटवाघळाला आणि पक्ष्याला दोघांनाही पंख आहेत, पण उडणाऱ्या एकाच पूर्वजाकडून ते आलेले नाहीत. हवेत उडायचं या एकाच अडचणीवर दोघांनी वेगवेगळं शोधलेलं ते उत्तर आहे. आणि ढगात हत्ती दिसतो तेव्हा हत्तीपणा ढगात नसतो, बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो.

नायकाच्या प्रवासालाही हेच तीन प्रश्न विचारता येतात. उलट्या क्रमाने जाऊ.

ढगातला हत्ती

समजा, परदेशातल्या एका मराठी घरात रविवारी सकाळी पोहे चाललेत. (रोजचं जग.) लक्षात येतं, कोथिंबीर संपली. (हाक.) बाहेर बर्फ पडतोय, राहू दे, तशीच खाऊ. (नकार.) तेवढ्यात भारतातून आईचा व्हिडिओ कॉल येतो: 'अगं, कोथिंबिरीशिवाय कसले पोहे!' (गुरू.) बूट चढवून दार उघडलं. (उंबरठा.) रस्ता निसरडा, शेजाऱ्याने गाडीवरचा बर्फ काढायला मदत केली. (कसोट्या आणि मित्र.) देशी दुकानात शेवटची एकच जुडी उरलेली, आणि दुसऱ्या एका काकूंचा हातही तिच्याकडेच जातोय. (महाकसोटी.) जुडी मिळाली. (बक्षीस.) घरी येऊन सगळ्यांच्या बशीत पेरली. (अमृत घेऊन परत.)

बारापैकी नऊ थांबे सापडले, आणि ही काही पुराणकथा नव्हे! थांब्यांची नावंच इतकी सैल आहेत की शोधायला बसलं की सापडतातच. गुरू म्हणजे आई, पुस्तक, आठवण किंवा आरशातलं स्वतःचं प्रतिबिंब, काहीही चालतं.

हे आकड्यांत मांडून बघू. समजा, नियम सैल ठेवले आणि कुठल्याही गोष्टीत एखादा थांबा सापडण्याची शक्यता ७० टक्के आहे. (हा आकडा मी फक्त उदाहरणासाठी धरलाय.) मग बारापैकी सरासरी आठ-नऊ थांबे कुठल्याही गोष्टीत सापडतील. नियम कडक केले आणि शक्यता ३० टक्क्यांवर आणली, तर सापडतील तीन-चार. गोष्टी त्याच, फक्त मोजपट्टी बदलली. 'बारापैकी आठ थांबे जुळले' या वाक्याला मोजपट्टी किती कडक होती हे सांगितल्याशिवाय काहीच वजन नाही.

राशिभविष्य असंच चालतं. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझ्या स्वभावाचं वर्णन' दिलं. ते कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. मग त्याने उघड केलं की सगळ्यांच्या हातातला कागद एकच होता आणि त्यातली वाक्यं बाजारातल्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती.

कॅम्पबेलच्या पुस्तकातही हा धोका आहे. ते एक टप्पा बुद्धाच्या कथेतून दाखवतात, दुसरा ग्रीक कथेतून, तिसरा आणखी कुठल्या लोककथेतून. सतराही टप्पे ओळीने असलेली एकच कथा शोधायला गेलं तर हात रिकामे राहतात. अनेक माणसांचा एकेक अवयव घेऊन एक 'सर्वसामान्य माणूस' जोडला, तर तसा माणूस रस्त्यात भेटत नाही.

म्हणजे सारखेपणाचा एक मोठा हिस्सा बघणाऱ्याच्या डोळ्यातला आहे. पण सगळा नाही. ल्यूक आणि हॅरी यांच्यातलं साम्य कोथिंबिरीच्या गोष्टीइतकं सैल नाही.

एकाच घराण्यातली भावंडं

जॉर्ज लुकास यांनी 'स्टार वॉर्स'चे खर्डे लिहिताना कॅम्पबेल वाचले होते आणि ते त्यांनी उघडपणे मान्य केलं आहे. कॅम्पबेल यांची पत्रकार बिल मॉयर्स यांनी घेतलेली दूरदर्शन मालिकेसाठीची प्रदीर्घ मुलाखत बरीचशी लुकास यांच्याच स्कायवॉकर रँचवर चित्रित झाली. मालिका १९८८ मध्ये प्रसारित झाली, कॅम्पबेल गेल्यानंतर काही महिन्यांनी.

'स्टार वॉर्स'ने अफाट पैसा मिळवला. स्टुडिओंना हवी होती कृती, आणि व्होगलर यांचं टिपण म्हणजे नेमकी ती कृती होती. ते पुढे डिस्नेच्या 'लायन किंग'च्या कथेवरही काम करत होते. म्हणजे १९८० नंतरच्या हॉलिवूडपटात हा सांगाडा दिसला, तर त्यावरून मानवी मनाबद्दल फारसं काही सिद्ध होत नाही. पुरणपोळीच्या एकाच पाककृतीवरून शंभर घरांत पुरणपोळ्या झाल्या आणि आपण म्हणालो, 'बघा, माणसाच्या मनातच पुरणपोळी आहे!', तर कसं वाटेल? ही वाघ-मांजराची गोष्ट आहे: पूर्वज एकच.

शिवाय निवड होते. स्टुडिओत वाचक शेकडो संहिता चाळतो. त्याच्या हातात बारा थांब्यांची यादी असेल तर त्यात न बसणारी संहिता दारातच अडते. पडद्यावर येतात त्या गाळणीतून उतरलेल्या गोष्टी. आपण मात्र फक्त पडद्यावरचे सिनेमे मोजतो आणि म्हणतो, सगळे सारखेच!

उडायचं असेल तर पंख लागतात

आता तिसरं कारण, आणि यात खरोखर काहीतरी आहे.

१९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी चित्रफीत बनवली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेली एक चौकट एवढंच होतं, आणि आकृत्या इकडून तिकडे सरकत होत्या. ३४ जणांना विचारलं, काय दिसलं? एकीने फक्त भूमितीच्या भाषेत उत्तर दिलं. बाकीच्यांनी सजीवांची हालचाल सांगितली, बहुतेकांनी तर माणसांचीच: कोणी कोणाच्या मागे लागलंय, कोणी लपतंय, मोठा त्रिकोण दांडगट आहे. कोणाला तरी काहीतरी हवंय आणि कोणीतरी आडवं येतंय, हे आपण रेषांतही बघतो.

त्यात सिनेमाची स्वतःची बंधनं मिसळा. पुस्तक मागे उलटता येतं, थिएटरातला सिनेमा नाही. दोन तासांत, एका बैठकीत, अनोळखी माणसाबद्दल आपल्याला काळजी वाटली पाहिजे. म्हणून आधी त्याचं रोजचं जग दाखवावं लागतं, नाहीतर काय बिघडलं ते कळणार नाही. मग बिघाड लवकर घडवावा लागतो, नाहीतर लोक चुळबुळ करतात. नायक आपल्याइतकाच अडाणी असला की त्याला समजावून सांगणारा गुरू आपल्यालाही नवं जग समजावून देतो. मध्यावर मोठा उलटफेर लागतो. आपल्याकडच्या सिनेमात तर मध्यंतरच असतं. लोकांनी सामोसा खाऊन परत खुर्चीत यावं म्हणून त्याआधी काहीतरी हादरवणारं घडवलं जातं. हे करायला कॅम्पबेल वाचावा लागत नाही. ज्याला उडायचंय त्याला पंख फुटतात.

पण पंख फुटले म्हणजे सगळे गरुड होत नाहीत. व्हर्माँट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये १३२७ इंग्रजी पुस्तकांचा मजकूर संगणकाला दिला. पानागणिक शब्द किती आनंदी, किती दुःखी हे मोजून त्यांनी प्रत्येक पुस्तकाचा चढ-उताराचा आलेख काढला. मुख्य आकार निघाले सहा: नुसता चढ, नुसता उतार, उतरून चढ, चढून उतार, चढ-उतार-चढ आणि उतार-चढ-उतार. हे आलेख भावनांचे आहेत, कथानकाचे नव्हेत, एवढी मर्यादा लक्षात ठेवायची. तरी एवढं दिसतं की खड्ड्यात पडून वर येणारा नायक हा अनेक आकारांपैकी एक आहे. जगातल्या सगळ्या गोष्टी त्याच्याच नाहीत.

जब्याला हाक ऐकू येते

आता 'फँड्री'. हा चित्रपट २०१३ चा, थिएटरांत आला २०१४ च्या फेब्रुवारीत. नगर जिल्ह्यातल्या एका गावात कैकाडी समाजाचं एक कुटुंब गावाच्या कडेला राहतं. बाप कचरू (किशोर कदम) मिळेल ते काम करतो, आणि गावाला नको असलेली डुकरं पकडणं हे त्याच्याच वाट्याला येतं. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. मुलगा जब्या (सोमनाथ अवघडे) शाळेत जातो आणि वर्गातल्या वरच्या जातीच्या शालूवर मनातून प्रेम करतो.

यादी काढा आणि टिचक्या मारत चला. रोजचं जग: गावकुसाबाहेरची झोपडी. हाक: शालू. गुरू: सायकलदुकानवाला चंक्या, ही भूमिका स्वतः मंजुळे यांनी केली आहे. हा चंक्या जब्याला सांगतो की काळ्या चिमणीला जाळून तिची राख एखाद्यावर टाकली की ती व्यक्ती आपली होते. म्हणजे अमृतही ठरलं: चिमणीची राख. साथीदार आहे, मित्र पिऱ्या. शस्त्र आहे, गलोल. शोध सुरू आहे, रानोमाळ काळ्या चिमणीच्या मागे.

इथवर सांगाडा तंतोतंत बसतो, आणि हे बसणं महत्त्वाचं आहे. आपल्याला, न सांगता, पुढचं भाकीत करता येतं: चिमणी मिळेल किंवा ऐन वेळी निसटेल, मग जब्याला कळेल की राखेची गरजच नव्हती, धैर्य आपल्यातच होतं, आणि शालू निदान एकदा त्याच्याकडे वळून बघेल. शेकडो चित्रपटांनी आपल्याला ही सवय लावली आहे.

कुठे मोडतं

पहिली भेग उंबरठ्यावर पडते. नायकाच्या प्रवासात दोन जगं असतात आणि मध्ये एक सीमा. राखणदार असतो, पण नायक धीट असला की सीमा ओलांडता येते. जब्याचा उंबरठा असा एका जागी नाही. तो शाळेत जातो तेव्हा तो उंबरठा त्याच्याबरोबर शाळेत जातो, बाजारात जातो तेव्हा बाजारात. जात ही ओलांडायची रेषा नाही, ती गाव त्याच्याभोवती रोज नव्याने आखतं. आणि राखणदार म्हणून कोणी काळ्या झग्यातला खलनायक नाही. वर्गमित्र आहेत, गावकरी आहेत, रस्त्यावरची पोरं आहेत. कोणाला हरवलं की दार उघडेल?

दुसरी भेग महाकसोटीत. सांगाड्यानुसार नायक अद्भुत जगाच्या गाभ्यात, गुहेत शिरतो आणि मृत्यूला भिडतो. 'फँड्री'त जब्याला त्याच्याच रोजच्या जगाच्या गाभ्यात ढकललं जातं: शाळेजवळ, सगळ्यांच्या देखत, घरच्यांबरोबर डुक्कर पकडायला. वर्गातली मुलं बघतात, हसतात. शालूही बघणाऱ्यांत आहे. आपली ही ओळख तिच्यापासून लपवायची यासाठीच तर जब्याची सगळी धडपड होती. गुहेत शिरून तो बदलत नाही. गावाने त्याला आधीच जे ठरवलंय तेच सगळ्यांसमोर शिक्कामोर्तब होतं.

याच प्रसंगात डुक्कर अगदी हाताशी आलेलं असतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो. त्याच्यामागोमाग सगळं कुटुंब ताठ उभं राहतं. डुक्कर निघून जातं. सांगाड्यात विजयाच्या क्षणी शत्रू आडवा येतो. इथे शत्रू कोणीच नाही; ज्या देशाने समानतेचा शब्द दिला त्याला मान देण्यासाठी हे लोक स्वतःहून थांबले आहेत. गाणं संपल्यावर पुन्हा डुकरामागे धावायचं आहे. नंतर बांबूला बांधलेलं डुक्कर खांद्यावरून नेताना मागे भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रं दिसतात. कॅमेरा काही बोलत नाही, फक्त चालणाऱ्यांबरोबर चालतो.

तिसरी आणि खरी भेग शेवटी. चिडवणारी पोरं पाठ सोडत नाहीत आणि जब्याचा बांध फुटतो. तो दगड उचलतो. शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो.

हरणं म्हणजे मोडणं नव्हे

इथे एक गफलत टाळायला हवी. 'नायक हरला, राख मिळाली नाही, म्हणून सांगाडा मोडला' हे पुरेसं नाही. हरणाऱ्या नायकांच्या शोकांतिका जुन्याच आहेत. त्या सहा आकारांतही चढून उतरणारा आकार आहे. नायक हरतो तेव्हाही आपण त्याच्याच खांद्यावर हात ठेवून बसलेलो असतो, रडतो, आणि जरा हलके होऊन घरी जातो. आपली जागा हलत नाही.

तसंच, सांगाड्यात न बसणारी प्रत्येक गोष्ट तो मोडते असंही नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घ्या. तो कोणा एकाच्या इच्छेमागे धावतच नाही. आरोपी, वकील, न्यायाधीश यांच्या आयुष्यात आळीपाळीने डोकावतो. तो वेगळ्याच जातकुळीचा चित्रपट आहे. जो करार केलाच नाही तो मोडणार कसा?

'फँड्री' करार करतो. हाक, गुरू, शस्त्र, जादूची राख, सगळं मांडून आपल्याला नायकाच्या बाजूला बसवतो. सांगाड्याचा न लिहिलेला नियम असा की प्रेक्षक नायकाबरोबर प्रवास करतो, आणि शेवटी नायक ज्या गावात परत येतो ते गाव त्याने आणलेलं अमृत स्वीकारतं. तो दगड कॅमेऱ्याकडे येतो त्या क्षणी हे दोन्ही भाग एकदम उलटतात. इतका वेळ आपण जब्याशेजारी आहोत असं समजत होतो. आता कळतं की आपण समोर उभे आहोत, चिडवणाऱ्यांच्या रांगेत. गावाला मिळालेली भेट म्हणजे हा दगड, आणि गाव म्हणजे आपण.

इथे काय मोडलं ते नेमक्या शब्दांत सांगता येतं: बारापैकी अमुक थांबा गळला असं नव्हे, तर प्रेक्षकाची खुर्ची हलली. बारा थांब्यांच्या यादीत प्रेक्षकाची जागा कुठेच लिहिलेली नाही. ती गृहीत धरलेली आहे. जब्याचा दगड त्या गृहीतकावर बसतो.

सांगाड्यातलं आणखी एक गृहीतक त्यामुळे उघडं पडतं. घर सोडून जाता येतं, बाहेरच्या जगात आपली किंमत सिद्ध करता येते आणि परतल्यावर घरचे ती मान्य करतात: हे सगळं ल्यूकच्या बाबतीत खरं आहे. परदेशात येऊन स्थिरावलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीतही बऱ्यापैकी खरं आहे, म्हणून ती कथा आपल्याला 'सगळ्यांची' वाटते. पण ज्याला उंबरठाच ओलांडू दिला जात नाही, त्याच्यासाठी ती सगळ्यांची कथा नाही. ही नायकाची उणीव नव्हे. त्या कथेला लागणारी परिस्थितीच त्याच्या गावात नाही.

घरी करून बघायचा प्रयोग

सिनेमा संपल्यावर बारा थांबे शोधायला बसू नका. ते सापडणारच, कोथिंबिरीच्या गोष्टीतही सापडले. त्याऐवजी न पाहिलेला सिनेमा लावा आणि तीनदा थांबवा: पाव भाग झाल्यावर, निम्मा झाल्यावर, आणि शेवटची वीसेक मिनिटं उरली असताना. प्रत्येक वेळी कागदावर दोन वाक्यं लिहा: पुढे काय घडेल, आणि मी आत्ता कोणाच्या बाजूला बसलोय.

पहिल्या वाक्यातली भाकितं खरी ठरत गेली, तर सांगाडा खरोखरच काम करतोय. तो तुम्ही नंतर चिकटवलेला नाही. भाकितं सुरुवातीपासूनच चुकली, तर गोष्ट वेगळ्या जातकुळीची आहे. आणि भाकितं बराच वेळ जुळून शेवटी कोसळली, तर दुसरं वाक्य पुन्हा वाचा. नायक हरला पण तुमची जागा तीच राहिली, तर ती शोकांतिका. जागाच बदलली असेल, तर सांगाडा मोडला.

'फँड्री'साठी मी हा कागद भरला तेव्हा तिन्ही वेळा दुसऱ्या ओळीत 'जब्याच्या' असं लिहिलं होतं. दगड येईपर्यंत ते उत्तर मला अगदी सोपं वाटत होतं.